भट्टीला थर्मोकपल लावायचा की आरटीडी?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या हीट ट्रीटमेंट शेडमध्ये दोन भट्ट्या आहेत असं धरू. एक हार्डनिंगची, ९०० अंशांची, आणि दुसरी टेंपरिंगची, २०० अंशांची. पहिलीसाठी के टाइप थर्मोकपलच घ्यावा, कारण पीटी १०० हा आरटीडी, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर, साधारण ६०० अंशांपुढे वापरत नाहीत. दुसरीत मात्र पीटी १०० सरस ठरतो. २०० अंशांवर ए क्लासच्या पीटी १०० ला जेमतेम अर्धा अंश चुकण्याची सूट असते, तर क्लास २ च्या के टाइपला अडीच अंशांची. पण सेन्सर चांगला असूनही आकडा चुकतो, तो बहुतेकदा केबलमुळे.

थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगतो. म्हणून कंट्रोलर आपल्या टर्मिनलचं तापमान मोजून ते हिशेबात मिळवतो. सेन्सरच्या हेडपासून, म्हणजे त्याच्या तारा जोडायच्या डबीपासून, पॅनलपर्यंत साधी तांब्याची वायर ओढली, तर थंड टोक हेडमध्येच राहतं आणि कंट्रोलर मात्र पॅनलचं तापमान मिळवतो. मे महिन्यात भट्टीलगतचं हेड ६५ अंशांवर आणि पॅनल ४० वर असेल, तर साधारण १ मिलिव्होल्ट हरवतो, म्हणजे जवळपास २५ अंश. पडद्यावर ९०० दिसताना आत ९२५ असतात आणि जॉब जास्त तापतो. के टाइपचीच एक्स्टेन्शन केबल वापरली की ही चूक उरत नाही. तिची लांबी फारशी आड येत नाही, कारण इनपुटमधून करंट जवळजवळ वाहतच नाही. पण ती दोन्ही टोकांना उलटी जोडली तर आकडा वरवर ठीक दिसतो आणि चूक दुप्पट होते. अमेरिकन रंगांच्या केबलमध्ये लाल तार ऋण असते, तिथेच हात चुकतो.

ओळखायचं कसं? हेडला हॉट एअर गनने थोडी ऊब द्या. आकडा खाली सरकला तर मध्ये तांबं आहे किंवा केबल उलटी आहे. कंट्रोलरचं इनपुट तारेच्या तुकड्याने शॉर्ट केलं की त्याने टर्मिनलजवळचं तापमान दाखवायला हवं. तसं नसेल तर कोल्ड जंक्शनची, म्हणजे थंड टोकाची, भरपाई बिघडली आहे.

आरटीडीला तांब्याची वायर चालते, मात्र तिचा रोध मोजमापात मिसळतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर ३० मीटर नेली, तर जाऊन-येऊन सुमारे २ ओहम होतात. टू-वायर जोडणीत २०० अंशांवर त्याचे साडेपाच अंश जास्त दिसतात, म्हणजे टेंपरिंग कमी तापमानावर होतं. थ्री-वायर जोडणीत कंट्रोलर हा रोध वजा करतो, पण तिन्ही तारा सारख्या असतील तरच. एक स्क्रू ढिला किंवा गंजलेला असला तर १ ओहमला अडीच-पावणेतीन अंश चूक परत येते. म्हणून हेडमधला टर्मिनल ब्लॉक दर शटडाउनला उघडून घट्ट करावा.

टेंपरिंग ५०० अंशांच्या वर असेल आणि भट्टीचा पंखा हादरे देत असेल, तर मी तिथेही थर्मोकपलच घेईन. हादऱ्यांत पीटी १०० ची बारीक वाइंडिंग टिकत नाही.