फॅमिली लिंक, आठ महिन्यांनंतर: पोरगा पासवर्डही विसरला आणि ईमेलही

खानापूरला आजीकडे सुट्टीत असताना अथर्वचा फोन विहिरीकाठच्या दगडावर आपटून मेला. जुनाच एक फोन पुसून दिला, तर आमचे चिरंजीव म्हणतात, "पप्पा, गुगल खात्याचा पासवर्ड आठवत नाही. ईमेल पण नाही." वय वर्षे अकरा. वर उपाय तयार, "नवीनच खातं काढूया की!" म्हणजे आठ महिन्यांचे फोटो आणि गेम गेले पाण्यात.

पहिला दीड तास माझ्या अकलेने खाल्ला. फॅमिली लिंक म्हणजे पालकांनी मुलाच्या खात्यावर आणि फोनवर देखरेख ठेवायचं गुगलचं ॲप. त्यात पालकांचा आकडी कोड मिळतो, तो मी पासवर्डच्या रकान्यात परत परत टाकत बसलो. तो कोड मुलाचा कुलूप लागलेला फोन उघडायला असतो, खात्याला त्याचा काही उपयोग नाही. बायकोने तेव्हाच सांगितलं होतं, असं ती अजून सांगते.

मग खडेबाजारात एका मोबाईलवाल्याकडे गेलो. "पाचशे द्या, रिसेट मारून देतो." रिसेट मारून फोन रिकामा होईल, खातं कुठून येणार? पासवर्ड गुगलकडे आहे, फोनमध्ये नाही. शिवाय फोनवर खातं असताना सेटिंग्जमध्ये न जाता बाहेरून रिसेट मारला की चालू होताना तो जुनंच खातं मागतो. पाचशे वाचले, म्हणून हा लेख.

उत्तर माझ्याच खिशात होतं. माझ्या फोनवर फॅमिली लिंक उघडलं, मुलाचं नाव निवडलं, Controls, मग Account settings. तिथे खात्याच्या माहितीत ईमेल लिहिलेला. शाळेत, आधारवर सगळीकडे Atharva, आणि मी खातं काढताना Atharv टाकलं होतं! त्या एका a पायी आम्ही कधीचे नसलेल्या पत्त्यावर डोकं आपटत होतो. (मधला टिंब जीमेल मोजत नाही, पण a मोजतो.) तिथेच पासवर्ड बदलायचा पर्याय. माझा स्वतःचा पासवर्ड विचारला, नवा टाकला, पाच मिनिटांत काम. पुसून दिलेल्या फोनवर खातं घालताना परत माझा पासवर्ड लागला, तेव्हा आपला विसरू नका.

पूर्वी मी या ॲपला नुसता चौकीदार म्हणायचो. आता मत बदललंय, पण एक खोच आहे. ही सोय 13 वर्षांखालच्या खात्याला. एखाद्या मोठ्या पोराच्या आधीच्या खात्यावर देखरेख नंतर जोडली असेल, तर पालकाला पासवर्ड बदलता येत नाही. मग खात्यात रिकव्हरीचा फोन नंबर किंवा ईमेल असेल तर धडगत. अथर्वला दोन वर्षं आहेत, तरी माझा नंबर त्याच रात्री घातला.

ईमेल आता त्याच्या कन्नडच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर आहे. पासवर्ड नाही, तो आजीने पाठ केलाय.