टाळ, एकतारी आणि पखवाज : पावसाळ्यापर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या भजनी मंडळाने दिवाळीनंतर नव्या शिकाऊ मुलांसाठी टाळांच्या काही जोड्या, एक एकतारी आणि एक पखवाज घेतला. वर्गाच्या पहिल्या दिवशी मुलांपुढे वाचण्यासाठी या तीन वाद्यांची ओळख करून देणारे आणि ती कशी वाजवायची हे सांगणारे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. आषाढी होऊन गेली, पखवाजाची डावी पुडी, म्हणजे त्या तोंडावरचे चामडे, निकामी झाली, विक्रेत्याशी वाद झाला आणि त्या निवेदनातला पखवाजाचा भाग मला नव्याने लिहावा लागला. म्हणून हा अनुभव लिहीत आहे. वाद्ये दिसतात कशी हे वाचकांना ठाऊक आहे असे धरून चालतो.

टाळांबद्दल माझे मत पहिल्या दिवसापासून चांगले आहे आणि ते बदललेले नाही. आम्ही काशाचे टाळ घेतले. पितळी टाळ स्वस्त पडतात, पण त्यांचा नाद लवकर विझतो. काशाचा टाळ एकदा लागला की पुढच्या मात्रेपर्यंत त्याची आस पोहोचते. काशात तांब्याबरोबर कथिलाचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे तो धातू कडक आणि नादवान होतो, पण त्याच कारणाने ठिसूळही होतो. फरशीवर पडलेल्या टाळाला डोळ्यांना न दिसणारी चीर जाऊ शकते. ती ओळखण्यासाठी टाळ दोरीवर मोकळा लोंबता धरावा आणि काठावर नखाने टिचकी मारावी. अखंड टाळ सरळ, लांब नाद देतो, तर चीर गेलेला टाळ झरझरतो आणि लगेच गप्प होतो.

वाजवण्याबाबत निवेदनात दोनच सूचना ठेवल्या आहेत. दोरी तर्जनीभोवती घेऊन टाळ छिद्राजवळ धरावा, बोटे काठाला लागू देऊ नयेत, कारण काठ हाच नादाचा भाग आहे. डाव्या हातातला टाळ उताणा ठेवावा आणि उजव्या हातातला त्यावर किंचित तिरका आणावा. दोन्ही काठ सगळीकडून एकदम बसले तर मधली हवा कोंडते आणि ‘थप्’ असा मुका आवाज येतो. नवी मुले सर्वांत जास्त अडतात ती इथेच. दोरी मात्र विकत घेतानाच तपासावी. आमच्या दोन जोड्यांच्या छिद्रांच्या कडा धारदार राहिल्या होत्या आणि त्यांनी सुती दोरी कुरतडून तोडली. बारीक पॉलिश कागदाने कडा गोल केल्यावर ती तक्रार राहिली नाही.

एकतारीचे मूल्यमापन ऋतूनुसार बदलले. आमची एकतारी भोपळ्याच्या तुंब्याची आहे आणि तुंब्याच्या तोंडावर कातडे चढवलेले आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ती इतकी स्थिर राहिली की खुंटीला हात लावण्याची वेळ क्वचितच आली. पाऊस सुरू झाल्यावर दमट हवेने कातडे सैलावले, त्यावर उभी असलेली घोडी किंचित खाली बसली, तारेचा ताण कमी झाला आणि भजन निम्म्यावर येईपर्यंत षड्ज खाली उतरू लागला. हा वाद्याचा दोष मानणे योग्य नाही. कातडी तोंडाच्या प्रत्येक एकतारीत हे घडणारच. उपाय इतकाच की भजनाच्या अर्धा तास आधी ती गवसणीतून बाहेर काढून त्याच खोलीत ठेवावी, मगच स्वरात लावावी, आणि दोन अभंगांच्या मध्ये एकदा पेटीशी ताडून घ्यावी.

तार छेडण्याविषयी मुलांना मी एवढेच सांगतो की तर्जनीच्या मांसल भागाने, घोडीपासून थोडे दूर, हलक्या हाताने छेडावे आणि आधीचा नाद विझण्यापूर्वी पुढची छेड यावी. जोरात ओढलेली तार क्षणभर वरच्या स्वरात जाते आणि मग खाली येते. तो क्षणभराचा बेसूर गाणाऱ्याच्या कानाला चांगलाच जाणवतो. घोडी आणि तार यांच्यामध्ये बारीक सुती दोरा सरकवून योग्य जागी आणला की नादाला झार येते. तो दोरा कुठे ठेवायचा हे कानानेच ठरते, एखाद्या केसाइतके अंतरही फरक पाडते.

आता पखवाज, ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो. उजव्या, लहान तोंडाबद्दल माझी तक्रार नाही. त्यावर लोहचूर्णाची पक्की शाई आहे, गट्टे आणि गजरा ठोकून ते आमच्या काळी एकच्या षड्जात नीट लागते. चामड्याच्या नुसत्या पडद्याच्या नादात एकमेकांशी न जुळणारे उपस्वर असतात. मधोमध घट्ट थरांची शाई बसवली की ते एका सुरेल मेळात येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली आपल्या मृदंग-तबल्यांच्या या गुणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. ती शाई कायमचीच असते आणि तशीच असायला हवी.

प्रश्न डाव्या, मोठ्या तोंडाचा आहे, ज्याला आपण धूम म्हणतो. पूर्वापार या तोंडावर वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावतात आणि वाजवून झाल्यावर काढून टाकतात. आम्हाला मात्र डाव्या तोंडावरही कायमची शाई असलेला पखवाज सुचवला गेला, “कणकेची कटकट नाही” या एका वाक्यावर आम्ही तो घेतला आणि पहिले काही महिने ते वाक्य खरेही ठरले. गवसणी काढली की वाद्य तयार असे, मुलांना सरावाला पाच मिनिटे जास्त मिळत. माझ्या पहिल्या निवेदनात मी या सोयीची स्तुती केली होती.

पावसाळ्यात डाव्या शाईला बारीक भेगा पडल्या, मग कडेने पोपडे सुटू लागले आणि प्रत्येक खुल्या थापेबरोबर चरचर ऐकू येऊ लागली. विक्रेत्याने “चामड्याला हमी नसते” असे सांगून विषय संपवला आणि नव्या पुडीसाठी जी रक्कम सांगितली ती जवळजवळ पखवाजाच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतकी होती. बारा महिन्यांच्या आत शाईला भेगा पडणे हा वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे, हे मी त्यांना लेखी कळवले. उत्तर आले नाही. वर्गणीतून चालणाऱ्या मंडळाला ही रक्कम परवडणारी नव्हती. अखेर दुसऱ्या एका कारागिराने सांगितले की शाई नसलेली साधी पुडी पुष्कळ कमी पैशांत चढवता येईल आणि तिच्यावर कणीक लावावी. आम्ही तेच केले, आणि त्या दिवसापासून माझे मत पूर्ण बदलले.

कणीक लावल्यावर काय बदलले ते केरव्याच्या एका आवर्तनात दाखवता येते. ‘धा गे ना ती, ना के धी ना’ या आठ मात्रांत ‘धा’ आणि ‘गे’ला डावे तोंड खुले वाजते, ‘ती’पासून ‘के’पर्यंत ते घुमत नाही, आणि सातव्या मात्रेच्या ‘धी’ला खर्ज पुन्हा येतो. भरी आणि खाली यांतला भेद डाव्या हाताच्या या येण्या-जाण्यातूनच कळतो. शाईच्या पुडीवर ‘गे’ आखूड आणि काहीसा उंच वाजे, त्यामुळे ‘गे’ आणि ‘के’ यांतला फरक मागच्या ओळीतल्या टाळकऱ्यांपर्यंत पोहोचत नसे आणि ते सम शोधत राहत. कणकेवर तोच ‘गे’ खाली, रुंद आणि लांब वाजतो. ज्या मुलांना समेवर टाळ आणणे जड जात होते, ती मोजायला न लावताही समेवर येऊ लागली. मी टाळ धरणे शिकवण्यात जो वेळ घालवत होतो, त्यातला बराचसा प्रश्न खरे तर पखवाजाच्या डाव्या तोंडाचा होता.

आता निवेदनात कणकेची कृती सविस्तर आहे. गव्हाचे पीठ बारीक चाळलेले घ्यावे. त्यात तेल अजिबात नको, कारण तेलाने कणीक चामड्याला धरत नाही. पोळीच्या कणकेपेक्षा ती सैल आणि चिकट भिजवावी. आमच्या पखवाजाला लहान मूठभर कणीक पुरते. पुडीच्या मध्यावर ओला हात फिरवावा, गोळा मधोमध दाबावा आणि अंगठ्याने बाहेरच्या दिशेला पसरत न्यावा. मध्यभागी थर जाड आणि कडेला अगदी पातळ, चिकटून बसलेला असावा. कड उचललेली राहिली की तिथूनच चरचर सुरू होते.

मग उजवे तोंड षड्जात असताना डावे वाजवून पाहावे. ते खालच्या सप्तकातला षड्ज देईल इतकीच कणीक हवी. नाद उंच लागला तर चिमूटभर वाढवावी. थाप पडताच आवाज बुडत असेल, घुमत नसेल, तर कणीक जास्त झाली आहे असे समजून ती खरवडून कमी करावी. ‘गे’साठी पंजा खुला पडतो आणि लगेच उचलला जातो, ‘के’साठी तोच पंजा पुडीवर राहतो. पंख्याखाली कणीक तासाभरात वाळू लागते आणि नाद हळूहळू वर चढतो. दोन अभंगांच्या मध्ये ओली बोटे त्यावरून फिरवली की तो जागेवर येतो.

वाजवून झाल्यावर कणीक त्याच दिवशी काढणे अनिवार्य आहे. ती राहिली तर आंबते, वाळताना चामडे ओढते, आणि उंदरांना पुडीची वाट दाखवते. बोथट लाकडी पट्टीने ती सुटते; उरलेला थर पिळून घेतलेल्या फडक्याने पुसावा, पाणी ओतू नये, आणि पुडी कोरडी झाल्याशिवाय गवसणी चढवू नये. यासाठी आम्ही एका मुलाची पाळी लावतो आणि ती पाळी वर्गाचाच भाग मानतो.

कणकेची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. दिंडीत चालताना, वाऱ्यात आणि भुरभुर पावसात कणीक टिकत नाही. ती एक तर वाळून सुटते किंवा ओघळते, आणि चालता चालता ती पुन्हा लावणे कठीण असते. तिथे दोन्ही तोंडांना शाई असलेला पखवाज उपयोगी आहे, आणि ज्या मंडळांचे वाजवणे मुख्यतः रस्त्यावर होते त्यांनी तो घ्यायला माझी हरकत नाही. बसून म्हणायच्या भजनासाठी आणि शिकवण्यासाठी मात्र डावे तोंड कणकेचेच घ्यावे. आमच्या पुढच्या खरेदीच्या यादीत काशाच्या टाळांच्या आणखी जोड्या आणि डाव्या तोंडाची एक जादा साधी पुडी आहे, जी येत्या उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना चढवून घेणार आहोत.