आईच्या आरोग्य विम्याचे चौदा महिने: दोन क्लेम आणि हातात आलेले पैसे

जून २०२४ मध्ये आईसाठी आरोग्य विमा घेतला. आईचं वय तेव्हा ७० होतं. आता चौदा महिने झालेत, मधे दोनदा तिला ॲडमिट करावं लागलं आणि दोन्ही क्लेम पूर्ण होऊन पैसे जमा झालेत. म्हणून आता लिहिते आहे. पॉलिसी घेतल्याबरोबर लिहिलं असतं तर फक्त हप्ता किती आणि ॲप कसं आहे एवढंच सांगता आलं असतं.

आमच्याकडे दोन पॉलिसी आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. पहिली मूळ पॉलिसी, विमा रक्कम ५ लाख. तिच्यात दोन अटी आहेत: मंजूर रकमेवर २० टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा आपण भरायचा, आणि खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये मर्यादा. दुसरी सुपर टॉप-अप, ऑगस्ट २०२४ मध्ये घेतलेली, १० लाखांची, डिडक्टिबल ५ लाख. हिला ना को-पे, ना खोलीच्या भाड्याचा आकडा, सिंगल प्रायव्हेट खोली चालते. डिडक्टिबल म्हणजे तेवढ्या खर्चापर्यंत ही कंपनी काहीच देणार नाही, त्यावरचा खर्च तिचा.

ऑक्टोबरमध्ये आई अंगणात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. साताऱ्यातल्याच एका हॉस्पिटलात रॉड घालून ऑपरेशन झालं, सहा दिवस राहिलो. रात्री सोबतीला झोपायची सोय हवी म्हणून मी ८,००० ची खोली घेतली. मनात हिशेब असा केला की मर्यादा ५,००० ची आहे, तर दिवसाचे ३,००० आपण भरू, सहा दिवसांचे १८,००० होतील. हा हिशेब चुकीचा होता, आणि या सगळ्या अनुभवातली सगळ्यात महाग चूक हीच.

एकूण बिल २,८६,००० झालं. त्यात खोली ४८,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या व्हिजिटा मिळून १,१२,०००. रॉड म्हणजे इम्प्लांट ६२,०००. औषधं आणि तपासण्या ४६,०००. आणि हातमोजे, डायपर, रजिस्ट्रेशन फी असल्या, विम्यात न बसणाऱ्या गोष्टींचे १८,०००. हे १८,००० कुठल्याही हिशेबात येत नाहीत, ते आपलेच.

खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. पुष्कळ हॉस्पिटलांत डॉक्टरांची आणि थिएटरची फी खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलते, म्हणून त्या खर्चालाही तेच प्रमाण लावलं जातं. आमचं प्रमाण ५,००० भागिले ८,०००, म्हणजे साडेबासष्ट टक्के. खोलीचे ३०,००० मंजूर झाले आणि १,१२,००० चे ७०,००० झाले.

कंपनीच्या पहिल्या पत्रात मात्र हेच प्रमाण रॉडला, औषधांना आणि तपासण्यांनाही लावलेलं होतं. त्यामुळे मंजूर रक्कम १,६७,५०० वर आली, तीतून २० टक्के को-पे गेला आणि कॅशलेसमध्ये १,३४,००० मिळाले. उरलेले १,५२,००० भरून आईला घरी आणलं. त्या दिवशी भांडायचं त्राण कुणातच नव्हतं.

घरी आल्यावर पॉलिसीचं पुस्तक उघडून बसले. या प्रमाणात होणाऱ्या कपातीबद्दल विमा कंपन्यांची नियामक संस्था आयआरडीएआयने २०२० साली स्पष्ट केलं होतं की ती खोलीशी निगडित खर्चापुरतीच करायची. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या त्यातून वगळल्या होत्या. आयसीयूच्या भाड्यालाही ती लावायची नाही, आणि जे हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलत नाही तिथेही नाही. हेच शब्द आमच्या पॉलिसीतही होते. त्या पानाचा फोटो, कंपनीचं पत्र आणि माझा हिशेब एकत्र जोडून तक्रार विभागाला ईमेल केला. उत्तर आलं नसतं तर बीमा भरोसा पोर्टल आणि पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय हे पुढचे मार्ग माहीत करून ठेवले होते, पण तिथवर जावं लागलं नाही. १७ दिवसांनी कंपनीने चूक मान्य केली. नव्या हिशेबात ३०,००० अधिक ७०,००० अधिक ६२,००० अधिक ४६,००० असे २,०८,००० मंजूर झाले, त्यातून ४१,६०० को-पे गेला आणि एकूण १,६६,४०० ठरले. फरकाचे ३२,४०० खात्यात आले.

तरीही आमच्या खिशातून १,१९,६०० गेले होते. हेच जर ५,००० ची खोली घेतली असती, आणि डॉक्टरांची फी तेवढीच धरली, तर आमच्या वाट्याला ६८,००० आले असते. म्हणजे जी खोली मला १८,००० नी महाग वाटली ती प्रत्यक्षात ५१,६०० नी महाग पडली. ॲडमिट करताना डेस्कवर विचारायचं ते एवढंच: या खोलीचं भाडं किती, आणि खोली बदलली तर बाकीचे दर बदलतात का?

मार्चमध्ये आईला न्यूमोनिया झाला. पाच दिवस आयसीयू, चार दिवस ५,००० ची खोली. बिल ४,७०,०००, त्यात विम्यात न बसणारे ३०,०००, आणि आयसीयूचा दर मर्यादेत होता, म्हणून मंजूर होण्याजोगे ४,४०,०००.

इथे विमा रक्कम मधे आली. ५ लाखांतले १,६६,४०० ऑक्टोबरमध्ये वापरले गेले होते, शिल्लक ३,३३,६००. लक्षात घ्या, विमा रकमेतून वजा होतात ते कंपनीने दिलेले पैसे. आपण भरलेला को-पे विमा रक्कम कमी करत नाही. आता प्रश्न क्रमाचा होता. आधी ४,४०,००० वर को-पे कापला तर ३,५२,००० येतात, आणि शिल्लक मर्यादेमुळे ३,३३,६०० मिळतात. उलट आधी ३,३३,६०० ची मर्यादा लावून मग त्यातून २० टक्के कापले तर हातात येतात २,६६,८८०. फरक ६६,७२० चा, फक्त क्रमामुळे. आमच्या पॉलिसीत ‘क्लेमची रक्कम कशी काढली जाईल’ असा परिच्छेद आहे आणि त्यात पहिला क्रम दिलेला आहे, म्हणून वाद झाला नाही. सगळ्या पॉलिसींत असं असेलच असं समजू नका. विकत घेण्याआधी हा परिच्छेद शोधा, सापडला नाही तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

मूळ पॉलिसीचे ५ लाख इथे पूर्ण संपले. दोन्ही वेळची बिलं मिळून ७,५६,०००, म्हणजे आमच्या अंगावर २,५६,००० होते.

आता सुपर टॉप-अप. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की पहिल्या कंपनीने ५ लाख दिले की दुसरी सुरू होते. तसं नाही. आमच्या सुपर टॉप-अपमध्ये डिडक्टिबल मोजलं जातं ते वर्षभराच्या मंजूर होण्याजोग्या खर्चावर, आणि तेही त्या पॉलिसीच्या स्वतःच्या अटींप्रमाणे. पहिल्या कंपनीने किती दिले याच्याशी त्याचा संबंध नाही. हिला खोलीची मर्यादा नाही, म्हणून ऑक्टोबरचे, विम्यात न बसणारे १८,००० सोडून, २,६८,००० धरले गेले, मार्चचे ४,४०,०००, एकूण ७,०८,०००. त्यातून ५ लाख वजा जाता २,०८,००० त्यांनी दिले. ऑक्टोबरचा को-पे आणि खोलीमुळे कापलेले पैसेसुद्धा यातून भरून निघाले. शेवटी आमचे गेले ते फक्त विम्यात न बसणारे ४८,०००.

एजंट काकांनी मला आधी साधा टॉप-अप सुचवला होता, हप्ता थोडा कमी म्हणून. ठाण्याच्या ताईने हट्ट धरला की सुपरच घे. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक ॲडमिशनला वेगळं लागतं. आमचं एकही बिल ५ लाखांच्या वर नव्हतं, त्यामुळे तिथून एक रुपयाही मिळाला नसता. ताईचे उपकार मी कधी विसरणार नाही.

सुपर टॉप-अपच्या क्लेमला मात्र वेळ लागला, जवळपास दोन महिने. कारण ऑक्टोबरमध्ये मी त्यांना कळवलंच नव्हतं. खर्च ५ लाखांच्या आत होता, मग कशाला कळवायचं असं वाटलं. मार्चमध्ये त्यांनी ऑक्टोबरची डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर मागितलं. मूळ कागद पहिल्या कंपनीकडे होते, म्हणून हॉस्पिटलातून शिक्क्याच्या प्रती काढाव्या लागल्या. आता मी प्रत्येक ॲडमिशनला दोन्ही कंपन्यांना त्याच दिवशी ईमेल करणार आहे.

जून २०२५ मध्ये नूतनीकरण करताना को-पे काढून टाकायचा का, यावर घरात बराच विचार झाला. त्यासाठी वर्षाला ११,४०० जास्त लागणार होते. मग कागदावर मांडून पाहिलं. आमच्या जोडीत को-पेचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो वर्षाचा मंजूर खर्च बरोबर ५ लाख झाला तर: मूळ पॉलिसी ४ लाख देते, सुपर टॉप-अप अजून सुरू झालेली नसते, १ लाख आपले. खर्च ६ लाख झाला तर मूळ पॉलिसी ४,८०,००० आणि सुपर टॉप-अप १ लाख देते, आपले फक्त २०,०००. म्हणजे मोठ्या आजारपणापेक्षा मधल्या खर्चातच को-पे जास्त झोंबतो, आणि वर्षाला १ लाखाच्या पुढे जात नाही. म्हणून को-पे ठेवला आणि १ लाखाची एफडी आईच्या नावाने वेगळी काढली. खोलीच्या भाड्याची मर्यादा मात्र जादा हप्ता भरून काढून टाकली, कारण तिची कपात किती होईल हे आधी सांगताच येत नाही.

एक गोष्ट अजून दुरुस्त करायची आहे. मूळ पॉलिसीचं वर्ष जून ते जून, सुपर टॉप-अपचं ऑगस्ट ते ऑगस्ट. डिडक्टिबल दर पॉलिसी वर्षाला पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात. एक ॲडमिशन जुलैमध्ये झालं आणि दुसरं मार्चमध्ये, तर मूळ पॉलिसीसाठी ते एकाच वर्षातले दोन क्लेम, पण सुपर टॉप-अपसाठी दोन वेगळ्या वर्षांतले. आमचंच उदाहरण घेतलं तर जुलैचे २,६८,००० जुन्या वर्षात गेले असते, मार्चचे ४,४०,००० एकटे ५ लाखांच्या आत राहिले असते आणि ते २,०८,००० मिळाले नसते. सुपर टॉप-अपच्या कंपनीला दोन्ही तारखा जुळवून देता येतील का असं लेखी विचारलं आहे. नाही म्हणाले तर पुढच्या जूनमध्ये मूळ पॉलिसीच्या कंपनीकडूनच सुपर टॉप-अप घेता येते का ते पाहणार आहे, पण आईच्या बीपीचा खर्च विम्यात धरला जाण्याआधी थांबावा लागणारा प्रतीक्षा कालावधी जेवढा आतापर्यंत पूर्ण झाला आहे, तेवढा पोर्टिंगमध्ये, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेताना, सोबत येईल हे कागदावर मिळाल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडणार नाही.