एग बॉयलर, आठ महिन्यांनंतर: माझी तक्रार 'कीप वॉर्म'बद्दलच आहे

सात अंड्यांचा साधा बॉयलर आहे. मापाचा पेला, खाली भोक पाडायची सुई, पाणी आटलं की बझर, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. मी लिहितोय ते बलकाभोवती येणाऱ्या हिरवट-करड्या कड्याबद्दल. सुरुवातीचे तीन महिने जवळजवळ प्रत्येक अंड्याला ते यायचं. मुलीने डब्यातलं अंडं अर्धवट खाऊन दोनदा परत आणलं, तेव्हा मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. 'अंडी जुनी असतील' असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मला भयंकर राग आला होता.

मग मी नीट शोध घेतला. अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं. जास्त वेळ उष्णता लागली की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. अंडं सोलताना जो उग्र वास येतो, तो याच वायूचा. बलकात लोह असतं. वायू आत सरकत बलकाच्या पृष्ठभागापर्यंत पोचला की दोन्ही मिळून फेरस सल्फाइड तयार होतं आणि तेच ते कडं. म्हणूनच ते फक्त कडेला दिसतं, बलक मधोमध पिवळाच राहतो. खाण्यात काही अपाय नाही, पण असा बलक कोरडा, भुसभुशीत लागतो, कारण कडं आलं याचा अर्थ बहुतेक वेळा अंडं गरजेपेक्षा जास्त शिजलेलं असतं.

आता बॉयलरकडे येतो. बझर वाजला तरी हे यंत्र बंद होत नाही, ते 'कीप वॉर्म'वर जातं. झाकणाखाली वाफ तशीच कोंडलेली आणि अंडी आत शिजतच राहतात. एका रविवारी मी एकाच खोक्यातली चार अंडी 'हार्ड'च्या खुणेपर्यंत पाणी घालून लावली. सोळाव्या मिनिटाला बझर झाला. एक अंडं लगेच बर्फाच्या पाण्यात टाकलं, दुसरं नळाच्या पाण्यात, तिसरं ताटलीत ठेवलं आणि चौथं दहा मिनिटं झाकणाखालीच राहू दिलं. मग चारही उभी कापली. चौथ्याचं कडं गडद शेवाळी होतं, तिसऱ्याचं राखाडी. नळाच्या पाण्यातल्याला एका बाजूला पुसट रेघ होती. बर्फातलंही पूर्ण स्वच्छ नव्हतं, नीट पाहिलं तर हलकी सावली दिसत होती.

या शेवटच्या अंड्यामुळे माझं मत बदललं. तोवर मी सगळा दोष 'कीप वॉर्म'लाच देत होतो. पण सोळा मिनिटंच जास्त होती, आणि तेवढ्या वेळात तयार झालेलं कडं बर्फाने पुसलं जात नाही. गार केल्याने पुढचं थांबतं, कारण बाहेरून अंडं थंड झालं की वायूचा ओघ आत बलकाकडे न जाता बाहेर वळतो. मग मी पाणी थोडं थोडं कमी करत गेलो आणि बझर बाराव्या मिनिटाला आणला. चार अंड्यांचं ते माप मी पेल्यावर मार्करने आखून ठेवलंय. अंडी कमी असतील तर पाणी जास्त लागतं, हेही लक्षात ठेवा. अंडी जास्त असली की त्यांच्यावर जास्त वाफ गार होते आणि तिचं पाणी होऊन परत तव्यावर गळतं, म्हणून मूळ पाणी कमी पुरतं.

गार करायलाही पुरेसा वेळ द्या. दोन मिनिटांत अंडं बाहेर काढलं तर कवच हाताला थंड लागतं, पण तेच अंडं ओट्यावर ठेवून थोड्या वेळाने हात लावा, पुन्हा कोमट झालेलं असतं. आतली उष्णता बाहेर येत असते. मी पूर्ण दहा मिनिटं ठेवतो आणि बर्फ विरघळला तर आणखी घालतो.

सर्व्हिस सेंटरवाल्याचं म्हणणं अर्धं खरं निघालं, हेही सांगायला हवं. अंडं जुनं होतं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून जातो, पांढरा भाग जास्त अल्कधर्मी होतो आणि मग तो वायू सहज सुटतो. दोन आठवडे फ्रिजमध्ये राहिलेली अंडी मी बारा मिनिटांवर लावली आणि गार करायला पाच मिनिटं उशीर केला, तर पुसट कडं आलंच. ताज्या अंड्यांना तेवढ्याच उशिराने आलं नाही. पण ताज्याचं कवच सोलताना पांढरा भाग सोबत निघतो, म्हणून मी आठवडाभर जुनी वापरतो आणि बझरच्या आधीच बर्फाचं भांडं भरून ठेवतो.

गेले पाच महिने कडं नाही. तरी पाचपैकी तीनच तारे. 'हार्ड'ची खूण इतकी वर का आखली आणि 'कीप वॉर्म' बंद करायला बटण का दिलं नाही, याचं उत्तर माहितीपत्रकात कुठेच नाही. प्लग हातानेच काढावा लागतो.