आदर्श स्विच की खरा मॉस्फेट? बक कन्व्हर्टर जोडण्याआधी स्पाइसमध्ये कसा तपासावा

माझा भाचा इंदूरमध्ये इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजात पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची लॅब कागदावर आहे, दाराला मात्र कुलूप. म्हणून त्याने १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर आधी लॅपटॉपवर स्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये चालवला, मग जेल रोडवरून भाग आणून घरीच जोडला. स्क्रीनवर पाच व्होल्टची सरळ रेष होती. बोर्डावर मल्टिमीटर एक व्होल्टही दाखवेना आणि मॉस्फेट तापत चाललेला. "मामा, स्पाइस खोटं बोलतं का?" असं विचारत तो रविवारी सकाळी सगळं पिशवीत घालून माझ्याकडे आला.

अशा वेळी मुलं पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतात. तो लवकर सुटतो. विंडोज किंवा मॅक असेल तर एलटीस्पाइस घ्या: फुकट आहे, पॉवर सप्लायसाठीच नावाजलेलं आहे आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, भरायला त्याच्या खिडकीतच रकाना आहे. लिनक्स असेल किंवा पुढे पीसीबीही काढायची असेल तर एनजीस्पाइस घ्या. ते कीकॅडमध्ये अंगभूत येतं, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिमही त्यावरच चालतं. खालची नेटलिस्ट, म्हणजे सर्किटची मजकुरात लिहिलेली यादी, दोन्हीकडे चालते. फक्त पहिली ओळ शीर्षक म्हणून धरली जाते हे विसरू नका. तिथे थेट `Vin` लिहिलात तर सप्लायच गायब होतो आणि आउटपुट शून्य का, यात अख्खी संध्याकाळ जाते.

खरी निवड मॉडेलची असते. भाच्याने मॉस्फेटच्या जागी एक आदर्श स्विच आणि डायोडच्या जागी उलट चालणारा दुसरा स्विच ठेवला होता. कॉइल १०० मायक्रोहेन्रीची, कपॅसिटर १०० मायक्रोफॅरॅडचा, वारंवारता १०० किलोहर्ट्झ आणि लोड ५ ओहमचा. अशा सर्किटमधून पुस्तकातलं सूत्र बरोबर आहे एवढंच कळतं. कॉइलमधला करंट सुमारे ०.२९ अँपिअरने वरखाली होतो आणि आउटपुटवरचा रिपल जेमतेम ३.६ मिलिव्होल्ट येतो. बोर्डावर असा रिपल मिळणार नाही.

त्याच सर्किटमध्ये चार गोष्टी भरल्या की चित्र पालटतं:

```
* buck 12V to 5V
Vin in 0 12
Vg g 0 PULSE(0 5 0 20n 20n 4.15u 10u)
S1 in sw g 0 SM
D1 0 sw DM
L1 sw a 100u
RL a out 0.1
C1 out b 100u
Resr b 0 0.3
Rload out 0 5
.model SM SW(Ron=0.05 Roff=1Meg Vt=2.5 Vh=0.5)
.model DM D(Is=1u N=1 Rs=0.05)
.tran 50n 8m 7.8m 50n
.end
```

`RL` हा कॉइलच्या तारेचा रोध, `Resr` हा साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ईएसआर, `Ron` हा चालू स्विचचा रोध. डायोडचे आकडे असे धरलेत की एका अँपिअरला शॉट्की डायोडसारखे ०.४ व्होल्ट पडावेत. आता रिपल जवळपास ९० मिलिव्होल्ट होतो, कारण ०.२९ अँपिअरची हालचाल त्या ०.३ ओहममधूनच होते. म्हणजे १०० ऐवजी २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला आणि ईएसआर तेवढाच राहिला, तर पैसे गेले आणि रिपल होता तिथेच. सरासरी आउटपुटही ५ वरून ४.६६ व्होल्टच्या आसपास उतरतं. एनजीस्पाइसमध्ये `run` दिल्यावर हे दोन आकडे असे निघतात:

```
meas tran vavg avg v(out) from=7.9m to=8m
meas tran rip pp v(out) from=7.9m to=8m
```

एलटीस्पाइसमध्ये `.tran` मधला शेवटचा `50n` गाळू नका. तो गणिताची पायरी लहान ठेवतो. तो नसेल तर रिपलचे कोपरे तुटतात आणि मोजलेला आकडा भरवशाचा राहत नाही.

पण भाच्याचा मॉस्फेट का तापला, हे या दुसऱ्या सर्किटमधूनही कळलं नसतं. `S1 in sw g 0` ही ओळ पुन्हा पाहा. स्विच चालू करणारा व्होल्टेज `g` आणि जमीन यांच्यामध्ये मोजला जातो. त्याने बोर्डावर लावला होता आयआरएफ५४०, म्हणजे एन-चॅनल, आणि गेट आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनला. या मॉस्फेटला गेट आणि जमीन यांच्यातला फरक दिसतच नाही, त्याला गेट आणि सोर्स यांच्यातला फरक लागतो. इथे सोर्स म्हणजे `sw`, जो चालू झाल्यावर १२ व्होल्टपर्यंत चढायला हवा. गेट ५ वरच असल्यामुळे सोर्स एक-दोन व्होल्ट चढला की मॉस्फेट स्वतःच स्वतःला रोखतो. तो ना पुरता चालू, ना पुरता बंद. उरलेले दहाएक व्होल्ट त्याच्याच अंगावर पडतात, म्हणून तो तापतो.

उत्पादकाचं मॉडेल घालून मी हेच सर्किट त्याच्यासमोर चालवलं. `sw` ची लाट बुटकीच राहिली. "म्हणजे हे घरबसल्या दिसलं असतं!" तो म्हणाला. दिसलं असतं. मग त्याने पी-चॅनल आयआरएफ९५४० घ्यायचं ठरवलं, सोर्स थेट १२ व्होल्टला, गेट एका छोट्या ट्रान्झिस्टरने खाली ओढायचा. तेही आधी चालवून पाहिलं. एक किलोओहमच्या पुल-अपने गेट परत वर जायला कित्येक मायक्रोसेकंद घेत होता आणि अख्खं आवर्तनच १० मायक्रोसेकंदांचं. मॉस्फेट बंदच होईना. गेटला पुश-पुल जोडी लावावी लागली.

खऱ्या मॉडेलची किंमतही आहे. सिम्युलेशन खूप मंदावतं आणि मधूनच `Timestep too small` म्हणून थांबतं. अनेकदा गेटच्या पल्सला फारच कमी वेळाची धार दिलेली असते. २० नॅनोसेकंद द्या आणि गेटला दहा ओहम जोडा. त्यामुळे मी क्रम असा ठेवतो: कॉइल आणि कपॅसिटर ठरवायला वरची नेटलिस्ट, आणि मॉस्फेट व त्याचा ड्राइव्ह विकत घेण्याआधी एकदा खरं मॉडेल. दोन आदर्श स्विचवाल्या सर्किटवर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

एका ठिकाणी मात्र मॉडेलही फसवतं. डायोडच्या ओळीत `TT` लिहिलं नाही तर स्पाइस ते शून्य धरतं, म्हणजे डायोड क्षणात बंद. घरात पडलेला १एन४००७ तिथे छान चालतो. प्रत्यक्षात तो बंद व्हायला मायक्रोसेकंदांत वेळ लावतो, तेवढा वेळ मॉस्फेटमधून सप्लाय थेट जमिनीला भिडतो आणि दोघंही तापतात. त्याला १एन५८१९ घ्यायला लावला. तो शॉट्की असल्याने हा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्यांदा जोडल्यावर मल्टिमीटरने ४.६ दाखवले. रिपल अजून त्याने पाहिलेला नाही, कारण साध्या मीटरच्या एसी रेंजला १०० किलोहर्ट्झ झेपत नाही. तो आकडा सध्या तरी स्क्रीनवरचाच.