ऑर्थो-के लेन्स दहा महिने वापरल्यावर: लेकीचा अनुभव, खर्च आणि नळाचं पाणी

लेक अकरा वर्षांची, नंबर उजवा मायनस 2.75, डावा मायनस 3.25, दर सहा महिन्यांनी वाढतच होता म्हणून डॉक्टरांनी रात्री घालायच्या या कडक लेन्स सुचवल्या. झोपेत बुबुळाचा मधला भाग थोडा चपटा होतो आणि दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. साधारण चार-पाच नंबरपर्यंत आणि सिलिंड्रिकल कमी असेल तर हे चांगलं जमतं, मुलांचा नंबर वाढायचा वेगही कमी होतो, थांबतोच असं मात्र नाही. डोळे कोरडे असतील, अ‍ॅलर्जीने सतत चोळत असतील किंवा मूल धड सात-आठ तास झोपत नसेल तर या भानगडीत पडू नका.

पहिल्या रात्रीनंतर सकाळीच दाखवायला जावं लागलं, मग आठवड्याने, महिन्याने आणि आता दर तीन महिन्यांनी. पहिल्या महिन्यात तिला रस्त्यावरच्या दिव्यांना सावली दिसायची, बुबुळाच्या आकाराचा नकाशा काढणारी टोपोग्राफी केली तर डावी लेन्स झोपेत वर सरकत होती, नकाशात चपट्या भागाचा गोल मधोमध यायला हवा तो वर गेलेला, म्हणून ती लेन्स बदलून घेतली. म्हणूनच सांगते, जिथे टोपोग्राफी मशीन नाही तिथे या लेन्स घेऊच नका. आम्हाला जोडी 42 हजाराला पडली, त्यात फक्त पहिल्या तीन महिन्यांच्या तपासण्या होत्या, पुढे प्रत्येक वेळी 800 आणि सोल्यूशन, सलाईन, ड्रॉप्स मिळून महिन्याला बाराशेच्या आसपास, शिवाय साधारण वर्षाने नवी जोडी.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीत आजोळी गेलो होतो, आजीने मायेने लेन्सची डबी नळाखाली स्वच्छ धुवून ठेवली आणि लेकीने त्यातच लेन्स ठेवल्या. मला रात्री कळलं, पोटात गोळाच आला, कारण नळाच्या, बोअरच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि तो बुबुळात शिरला तर महिनोन् महिने औषधं आणि नजर जायची भीती. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले डबी टाका, लेन्स घालू नका, डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना तर त्याच दिवशी या. सुदैवाने काही झालं नाही. पण त्या दोन-तीन दिवसांत नंबर हळूहळू परत येत होता, तिला चष्म्याशिवाय अंधुक आणि जुन्या चष्म्याने जास्तच कडक दिसायचं, त्यामुळे मधल्या नंबरचा एक स्वस्त चष्मा आता प्रवासात बरोबर ठेवतो.

तेव्हापासून हात साबणाने धुवून आधी पूर्ण कोरडे, मगच लेन्सला हात. दिवसभर लेन्स पेरॉक्साईडच्या डबीत किमान सहा तास, ते द्रावण थेट डोळ्यात गेलं तर भयंकर चुरचुरतं, म्हणून घालण्याआधी सलाईनने धुवायच्या. डबी ठरल्या वेळी बदलायची. सकाळी लेन्स चिकटली तर ओढायची नाही, ड्रॉप्स घालून पाच-दहा मिनिटं थांबायचं, पापणीने हलकं दाबलं की ती हलते, मगच काढायची. सर्दी-ताप असेल त्या रात्री सुट्टी.

आजीने आता बाथरूममध्ये स्वतःच कागद चिकटवलाय, "लेन्सला पाणी लावू नये."