स्टॉक सिंकचं सॉफ्टवेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फोंड्याला आमचं गोदाम, म्हापशाला दुकान आणि सोबत ऑनलाइन विक्री. तिन्हीकडे काजूचा साठा एकच दिसावा म्हणून हे सॉफ्टवेअर घेतलं. नेट चालू असताना ते छान चालतं, दुकानात बिल झालं की साइटवरचा आकडा लगेच उतरतो. खरी परीक्षा पावसात झाली. शुक्रवारच्या बाजारात नेट सारखं जात होतं, आणि त्या संध्याकाळी साइटनं दुकानात नसलेली पाकिटं विकली. तीन गिऱ्हाइकांना फोन करून माफी मागावी लागली. फार लागलं मनाला.

सोमवारी दादा आणि मी मुद्दाम तसंच घडवून पाहिलं. अर्धा किलोचं एकच पाकीट धरलं. सिस्टिममध्ये ४३ दिसत होती. टॅब फ्लाइट मोडवर टाकून ११ वाजता फळी मोजली, ४० निघाली, ती टॅबवर भरली. ११.२० ला बिलिंगच्या कॉम्प्युटरवर ६ विकली. साइटवर ३७ झाली. १२ वाजता टॅब नेटवर आणला आणि ३७ चे ४० झाले. फळीवर तर ३४ होती!

कारण साधं आहे. ‘६ गेली’ हा फरक आहे, तो कधीही पोचला तरी वजाबाकी तीच. ‘४० आहेत’ हा मात्र ११ वाजताचा आकडा. तो बाराला पोचला म्हणून बाराचा ठरत नाही. सिस्टिमनं ४० धरून ११ नंतरची विक्री त्यातून पुन्हा वजा करायला हवी होती. आम्ही वेळांसकट सगळं कळवलं, आणि दीड महिन्यानं आलेल्या अपडेटनंतर त्याच चाचणीत ३४ आलं.

तरीही एक खोच उरते. ‘११ नंतर’ हे ठरतं यंत्रांच्या घड्याळांवरून. टॅबचं घड्याळ मुद्दाम अर्धा तास पुढे केलं, तर ११.२० ची विक्री मोजणीच्या आधीची समजली गेली आणि पुन्हा ४०. आता सगळीकडे वेळ आपोआप घेण्याची सेटिंग आहे, आणि मोजणी शटर उघडण्यापूर्वीच करतो.

दुसरी चाचणी दुहेरी बिलाची. बिल पाठवल्याबरोबर, पोच यायच्या आत नेट तोडलं. परत जोडल्यावर टॅबनं तेच बिल पुन्हा पाठवलं. बिल क्रमांक तोच असल्यानं दुसरं गाळलं गेलं, इथे पूर्ण गुण. ही चाचणी करणाऱ्यांनी नुसता शेवटचा आकडा पाहू नये, आवक-जावक नोंदी एकेक वाचाव्यात. एक मोजणी चुकीनं वाढवते, एक दुहेरी बिल कमी करतं, आणि बेरीज योगायोगानं जुळते.

दुकान नेटवर नसताना साइटनं विकलेलं पाकीट मात्र कोणतीच दुरुस्ती परत आणत नाही. म्हणून शुक्रवारी दुकानातली १० पाकिटं आम्ही साइटवर दाखवतच नाही.